काचेच्या गोळ्यातून प्रतिमा कुठे पडते? एका वेळी एकच पृष्ठभाग घेऊन

काचेचा भरीव गोळा म्हणजे जाड भिंगच. त्यामुळे भिंगाचं नेहमीचं सूत्र लावून मोकळं व्हावं, असा मोह होतो. पण ते सूत्र पातळ भिंगासाठी आहे आणि त्यात भिंगाची जाडी शून्य धरलेली असते. गोळ्याची जाडी तर त्याचा अख्खा व्यास. म्हणून इथे प्रकाश काचेत शिरतो तो पृष्ठभाग आधी सोडवायचा, मग तो बाहेर पडतो तो दुसरा.

एका गोलीय पृष्ठभागाचं सूत्र असं आहे:

```
n₂/v − n₁/u = (n₂ − n₁)/R
```

n₁ हा प्रकाश येतो त्या माध्यमाचा अपवर्तनांक आणि n₂ तो जातो त्या माध्यमाचा. u वस्तूचं अंतर, v प्रतिमेचं, R वक्रता त्रिज्या. ही तिन्ही अंतरं पृष्ठभागाच्या ध्रुवापासून, म्हणजे मुख्य अक्ष पृष्ठभागाला जिथे छेदतो त्या बिंदूपासून मोजायची. प्रकाश जातो त्या दिशेचं अंतर धन, उलट दिशेचं ऋण.

हे सूत्र पाठ करण्याआधी ते कुठून येतं हे एकदा पाहून घ्या, कारण त्याची मर्यादाही तिथेच दिसते. अक्षावरच्या बिंदूतून निघालेला किरण पृष्ठभागावर अक्षापासून h उंचीवर आदळतो असं समजा. वस्तू ध्रुवापासून d अंतरावर आहे आणि पृष्ठभाग तिच्याकडे फुगलेला आहे. कोन लहान असतील तर आपाती कोन h/d + h/R होतो आणि अपवर्तनाचा कोन h/R − h/v. स्नेलच्या नियमातली sin काढून टाकून नुसते कोन ठेवले की n₁ × आपाती कोन = n₂ × अपवर्तन कोन. दोन्ही बाजूंचा h निघून जातो. d च्या जागी −u घातलं की वरचं सूत्र हातात. h निघून गेला याचा अर्थ किरण कितीही उंचीवर आदळला तरी एकाच ठिकाणी पोचतो. हे फक्त लहान कोनांपुरतं खरं आहे, याकडे शेवटी परत येऊ.

आता उदाहरण. गोळ्याची त्रिज्या ४ सेंमी, काचेचा अपवर्तनांक १.५, भोवती हवा. गोळ्याच्या पुढच्या पृष्ठभागापासून १२ सेंमी अंतरावर एक छोटा दिवा आहे. पलीकडे कागदाचा पडदा कुठे धरावा?

पायरी १: हवेतून काचेत. n₁ = १, n₂ = १.५. दिवा प्रकाशाच्या उलट दिशेला आहे, म्हणून u = −१२. वक्रता केंद्र पुढे, काचेत आहे, म्हणून R = +४.

```
१.५/v = ०.५/४ − १/१२ = ०.१२५ − ०.०८३३ = ०.०४१७
v = ३६ सेंमी
```

म्हणजे काच पुढे अखंड पसरलेली असती तर प्रतिमा ३६ सेंमी आत पडली असती. पण काच ८ सेंमीवरच संपते. ही प्रतिमा प्रत्यक्षात कधी तयार होतच नाही; किरण मात्र तिच्याकडे झुकत निघालेले असतात, आणि पुढच्या हिशोबाला तेवढं पुरतं.

पायरी २: ध्रुव बदला. आता मोजमाप मागच्या पृष्ठभागापासून सुरू होतं. जुन्या ध्रुवापासून ३६ म्हणजे नव्यापासून ३६ − ८ = २८ सेंमी. आणि हा बिंदू प्रकाश जातो त्याच दिशेला आहे, म्हणून u = +२८. वस्तूचं अंतर धन आलं की पुष्कळांचा हात अडखळतो. ही आभासी वस्तू. किरण तिच्यापासून निघत नाहीत, तिच्याकडे चाललेले असतात. चिन्ह धनच राहू द्या.

पायरी ३: काचेतून हवेत. आता भूमिका उलटतात: n₁ = १.५, n₂ = १. वक्रता केंद्र मागे राहिलं, म्हणून R = −४.

```
१/v = १.५/२८ + (१ − १.५)/(−४) = ०.०५३६ + ०.१२५ = ०.१७८६
v = ५.६ सेंमी
```

पडदा गोळ्याच्या मागे ५.६ सेंमीवर धरा. प्रतिमा वास्तव आहे आणि उलटी.

किती मोठी? प्रत्येक पृष्ठभागाचं विशालन n₁v/(n₂u). पहिल्याचं ३६/(१.५ × −१२) = −२, दुसऱ्याचं (१.५ × ५.६)/२८ = ०.३. गुणाकार −०.६. दिवा १ सेंमी उंच असेल तर पडद्यावर ६ मिलिमीटरचा, डोकं खाली.

उत्तर ताडून पाहायला एक सोपी वाट आहे. गोळ्याच्या बाबतीत सगळी अंतरं केंद्रापासून मोजली तर पातळ भिंगाचंच सूत्र लागू पडतं आणि नाभीय अंतर nR/(२(n − १)), म्हणजे इथे ६ सेंमी येतं. दिवा केंद्रापासून १६, प्रतिमा ९.६. १/१६ + १/९.६ = १/६. जमलं. मग आधीच हे का नाही केलं? कारण ही सवलत फक्त पूर्ण गोळ्याला, आणि तोही दोन्ही बाजूंना एकच माध्यम असताना. अर्धगोल घेतला किंवा मागची बाजू पाण्यात बुडवली की परत पायऱ्यांवरच यावं लागतं.

चुका कुठे होतात? दुसऱ्या पृष्ठभागाला R चं चिन्ह बदलायला विसरलात तर v = −१४ येतं, म्हणजे प्रतिमा पुन्हा दिव्याच्या बाजूला. ही चूक लगेच डोळ्यात भरते. ८ सेंमी वजा करायला विसरणं जास्त लबाड आहे. तेव्हा u = ३६ राहतं आणि उत्तर बरोबर ६ सेंमी येतं. इतका गोंडस आकडा पाहून मीही एकदा फसलो होतो. तो नाभीय अंतराइतकाच आहे, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही. केंद्रावरून ताळा केला तेव्हाच ४ मिलिमीटरचा घोळ कळला.

दिवा जवळ आणत गेलात तर काय होतं तेही सूत्रातच आहे. ८ सेंमीवर पहिल्या पायरीत १.५/v शून्य होतं, किरण काचेतून समांतर जातात आणि प्रतिमा मागेही ८ सेंमीवरच पडते. २ सेंमीच्या आत आणलात तर पडद्यावर काहीच मिळणार नाही. गोळ्यातून पाहिलं तर मोठी, सुलटी, आभासी प्रतिमा दिसेल.

प्रत्यक्ष करून पाहताना मात्र ५.६ सेंमीवर धूसर ठिपका दिसतो, भोवती प्रकाशाचं वलय असतं, आणि पडदा गोळ्याच्या आणखी जवळ नेला तरी काहीतरी उजळलेलं दिसतच राहतं. हिशोब चुकलेला नसतो. गोळ्याच्या कडेने आलेल्या किरणांचे कोन लहान नसतात, आणि निघून गेलेला तो h इथे परत येतो. दूरच्या दिव्याचे समांतर किरण घ्या: सूत्राप्रमाणे ते गोळ्यामागे २ सेंमीवर जमायला हवेत. पण ६०° च्या कोनात आदळणारा किरण स्नेलच्या नियमाने पूर्ण सोडवला तर तो अक्षाला ०.५६ सेंमीवरच छेदतो. यावर उपाय म्हणजे काळ्या कागदाला मधोमध सुमारे १ सेंमी व्यासाचं भोक पाडून तो गोळ्यासमोर चिकटवायचा. प्रकाश कमी होतो, पण वलय जातं आणि ठिपका ५.६ सेंमीच्या आसपास आवळून येतो. हे सगळं दिव्यावरच करा. उन्हात ठेवलेल्या गोळ्याच्या मागे २ सेंमीपर्यंत कागद असेल तर तो पेटू शकतो.