४० मिमी शाफ्टसाठी चावी आणि खाच: मापं कशी ठरवावीत

४० मिमी शाफ्टवर स्टीलचा गिअर बसवायचा आहे, आणि तो शाफ्टवर घसरू नये म्हणून दोघांच्या खाचांत स्टीलची पट्टी, म्हणजे चावी, घालायची आहे. गिअर ७.५ किलोवॅट शक्ती २४० आरपीएमला वाहून नेतो.

आधी टॉर्क काढा. ९५५० गुणिले ७.५ भागिले २४०, म्हणजे जवळपास ३०० न्यूटन-मीटर. त्याला शाफ्टच्या त्रिज्येने, म्हणजे ०.०२ मीटरने भागलं की चावीवरचं बल १५,००० न्यूटन येतं. सुरू होतानाच्या धक्क्यासाठी दीडपट धरा: २२,५०० न्यूटन.

चावीची रुंदी-उंची शोधत बसू नका. डीआयएन ६८८५ या जर्मन मानकाच्या तक्त्यात ३८ च्या वर ते ४४ मिमी व्यासापर्यंत १२ × ८ मिमी चावी दिली आहे. शाफ्टमध्ये खाच ५ मिमी खोल, हबमध्ये, म्हणजे गिअरच्या शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागात, ३.३ मिमी. आपल्याला ठरवायची ती फक्त लांबी.

इथे बरेच जण फक्त चावी कातरून तुटेल का, हे तपासतात. पण आधी चेंगरते ती बाजू. हबमध्ये चावीची ८ उणे ५, म्हणजे ३ मिमी उंचीच भार घेते. मध्यम कार्बन स्टीलसाठी १५० न्यूटन प्रति चौरस मिमी दाब चालतो असं धरलं, तर लांबी ५० मिमी लागते. गोल टोकांचा भाग धरायचा नाही, म्हणून त्यात १२ मिमी मिळवा. ६२ होतात, तेव्हा ६३ मिमीची प्रमाणित चावी घ्या. हब बिडाचा असेल तर दाब बराच कमी धरावा लागतो. मात्र चावी व्यासाच्या दीडपटीपेक्षा फार लांब करून उपयोग नाही, कारण भार सगळ्या लांबीवर सारखा पसरत नाही.

आता फिट. चावीची रुंदी एच९ या टॉलरन्समध्ये असते. नेहमीच्या कामाला शाफ्टची खाच एन९ (१२.००० ते ११.९५७ मिमी) आणि हबची जेएस९ ठेवा. दिशा सतत उलटत असेल किंवा धक्के असतील तर दोन्ही पी९ करा. ढिली चावी खाचेच्या भिंतीवर आदळत राहते. भिंती चकचकीत झाल्या आणि सांध्यातून तांबूस भुकटी येऊ लागली, तर समजा फिट गेलं.

सर्वांत जास्त चुका खोलीत होतात. ५ मिमी हे माप शाफ्टच्या सर्वोच्च बिंदूपासूनचं आहे, खाचेच्या कडेपासूनचं नाही. १२ मिमी रुंदीवर हा गोलावा ०.९२ मिमी खाली उतरतो, म्हणून कडेपासून ५ मोजलं तर खाच तितकीच जास्त खोल जाते आणि हबमधली पकड ३ वरून जेमतेम २ मिमीवर येते. म्हणून ड्रॉइंगवर खोली लिहूच नये. शाफ्टच्या विरुद्ध बाजूपासून खाचेच्या तळापर्यंत ३५ मिमी लिहा, हबसाठी ४३.३. खोलीच्या दोन्ही मापांना अधिक ०.२, उणे शून्य असा टॉलरन्स असतो, पण शाफ्टच्या ३५ ला तो उलटा, उणे ०.२, लागतो.

चावीच्या डोक्यावर ०.३ मिमी मोकळी जागा राहायलाच हवी. ती नसेल तर चावी हबला एका बाजूला ढकलते आणि गिअर हलत फिरतो. खाचेच्या तळाच्या कोपऱ्यात ०.२५ ते ०.४ मिमी त्रिज्या द्या; टोकदार कोपऱ्यातूनच शाफ्टला तडा सुरू होतो. चावीचा चेंफर त्या त्रिज्येपेक्षा मोठा ठेवा, नाहीतर चावी तळाला टेकणारच नाही.