वहीतले रेशो एक्सेलमध्ये उतरवताना

बीकॉमच्या दुसऱ्या वर्षी रेशोचं लेक्चर होतं तेव्हा वहीत सूत्रं आणि त्यांच्यासमोर 'आदर्श 2:1' असे आकडे उतरवून घेतले जातात. परीक्षेपुरतं ते चालतं. त्याच वहीवरून एक्सेलचा साचा करायला बसलं की कळतं, वहीत सूत्र असतं, पण त्यात घालायचा आकडा नेमका कुठला हे बरेचदा नसतं. माझ्या मते साच्यातलं खरं काम तिथेच आहे, म्हणून मी इथे फक्त तीन रेशो घेतो: करंट, क्विक आणि स्टॉक टर्नओव्हर.

दोन शीट ठेवा. `Data` मध्ये फक्त हाताने भरलेले आकडे आणि बेरजा, `Ratios` मध्ये फक्त सूत्रं. दोन वर्षांचे रेशो हवे असतील तर ताळेबंद मात्र तीन वर्षांचे लागतात. टर्नओव्हरला सरासरी स्टॉक लागतो, आणि पहिल्या वर्षाचा ओपनिंग स्टॉक त्याच्याही आधीच्या ताळेबंदात असतो. म्हणून B, C, D असे तीन कॉलम घ्या. D म्हणजे चालू वर्ष.

एका लहान कारखान्याचे काल्पनिक आकडे घेऊ, सगळे लाखांत. मागच्या वर्षी स्टॉक 40, येणी 30, रोख 20, म्हणजे चालू मालमत्ता 90 आणि चालू देणी 60. यंदा स्टॉक 80, येणी 30, रोख 10, म्हणजे 120; देणी 72. विकलेल्या मालाची किंमत दोन्ही वर्षी 240, आणि B कॉलममधला त्याआधीचा स्टॉकही 40. `Data` मध्ये पाचव्या ओळीत स्टॉक, आठव्यात एकूण चालू मालमत्ता, बाराव्यात चालू देणी आणि पंधराव्यात विकलेल्या मालाची किंमत आहे. `Ratios` मध्ये D3, D4, D5 मध्ये अनुक्रमे:

```
=Data!D8/Data!D12
=(Data!D8-Data!D5)/Data!D12
=IF(COUNT(Data!C5:D5)<2,"स्टॉक तपासा",
   Data!D15/AVERAGE(Data!C5:D5))
```

हीच सूत्रं C कॉलममध्ये ओढली की मागचं वर्ष तयार.

तिसऱ्या सूत्रातला `COUNT` मुद्दाम घातला आहे. `AVERAGE` रिकामा सेल मोजतच नाही. मागच्या वर्षाचा स्टॉक भरायचा राहिला, तर ते निमूटपणे 80 हीच सरासरी धरतं आणि उत्तर 4 च्या जागी 3 येतं. एरर दिसत नाही, आकडाही पटण्यासारखा वाटतो. कुणी सेलमध्ये '40 लाख' असं टाइप केलं तरी हेच होतं, कारण एक्सेलला तो मजकूर वाटतो. याच कारणाने मी सगळीकडे `IFERROR` लावत नाही. `#DIV/0!` दिसलेला बरा, तो निदान काय राहिलंय ते सांगतो.

आता निकाल बघा. करंट रेशो 1.50 वरून 1.67 झाला. 'वाढला म्हणजे सुधारला' अशी टीप लिहिली की साचा फसवायला लागतो. क्विक रेशो 0.83 वरून 0.56 वर आलाय आणि स्टॉक वर्षात सहा वेळा फिरायचा तो चारच वेळा फिरलाय, म्हणजे 61 दिवसांऐवजी 91 दिवस गोदामात पडून आहे. म्हणून टिपेचं सूत्र दोन रेशो एकत्र बघणारं हवं:

```
=IF(AND(D3>C3,D4<C4),"वाढ स्टॉकमुळे; जुना माल तपासा","")
=IF(ABS(D4/C4-1)>25%,"कारण लिहा","")
```

दुसरं सूत्र प्रत्येक रेशोच्या ओळीला लावा. त्यातली 25 टक्क्यांची रेघ मनाने ओढलेली नाही. कंपनी कायद्याच्या शेड्यूल 3 मध्ये मार्च 2021 च्या दुरुस्तीने 11 रेशो जाहीर करणं आलं, आणि एखादा मागच्या वर्षापेक्षा 25 टक्क्यांहून जास्त बदलला तर खुलासा द्यावा लागतो. आपल्या उदाहरणात करंट रेशो फक्त 11 टक्क्यांनी हलला, तो या चाळणीतून सुटतो. बाकीचे दोन 33 टक्क्यांनी घसरून अडकतात.

'आदर्श 2' हा आकडा सूत्रात कोंबू नका, वेगळ्या सेलमध्ये ठेवा. आपल्याकडे बँकांच्या तोंडी 1.33 असतो. तो टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून येतो: चालू मालमत्तेचा पाव भाग दीर्घ मुदतीच्या पैशातून आणायचा, मग देणी उरली 75, आणि 100 भागिले 75 म्हणजे 1.33. फाइल बँकेसाठी असेल तर तो सेल बदला.

एक गोष्ट कुठल्याच सूत्राला दिसत नाही. 31 मार्चच्या आदल्या दिवशी हातातल्या 10 लाखांनी देणी फेडली, तर 110 भागिले 62, म्हणजे करंट रेशो 1.77 होतो आणि तिजोरी रिकामी. त्यामुळे करंट रेशोच्या टिपेत मी कायमची एक ओळ ठेवतो: मार्चचा शेवटचा आणि एप्रिलचा पहिला आठवडा बँक स्टेटमेंटवर बघा.