मूलद्रव्यांचा खेळ घेण्याआधीची यादी (आणि त्यातली एकच गोष्ट पुन्हा पुन्हा)

गेल्या फेब्रुवारीत, विज्ञान दिनाच्या आदल्या दुपारी, खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेत मी दहावीला चिठ्ठ्यांचा खेळ घेतला आणि दुसऱ्याच चिठ्ठीला तोंडावर आपटलो. यंदा तो परत घ्यायचाय, म्हणून हे लिहून ठेवतोय. कुणाला उपयोगी पडलं तर बघा.

खडू, पाट्या, शिट्टी, गुणांचा तक्ता हे सांगायला नको. छत्तीस मुलं असतील तर सहा जणांचे सहा गट पाडा. 24 चिठ्ठ्या पुरतात. एका चिठ्ठीत एका मूलद्रव्याचे तीन संकेत, अवघडाकडून सोप्याकडे. गटानं पाटीवर संज्ञा लिहायची आणि खाली गणाचा क्रमांक. भिंतीवरच्या आवर्त सारणीला वर्तमानपत्र चिकटवा, नाहीतर सगळ्यांच्या माना तिकडेच वळतात.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक चिठ्ठीचं उत्तर एकच निघतं का, हे आधी तपासा. मी तपासलं नव्हतं. माझ्या चिठ्ठीवर होतं, "मी साध्या तापमानाला द्रव असतो." एका गटानं Hg लिहिलं, खाली 12. शेजारच्या गटानं Br लिहिलं, खाली 17. माझ्या कागदावर फक्त पारा होता, म्हणून मी ब्रोमीनवाल्यांना शून्य दिलं. त्यांच्यातली एक मुलगी पुस्तक घेऊन टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, ब्रोमीन पण द्रवच आहे की!" तिचंच बरोबर होतं. मग पाऱ्यावाले उठले, त्यांचे गुण काढायचे नाहीत म्हणून. वीस मिनिटं त्यातच गेली.

बरं, नुसतं "धातू" हा शब्द घालून ही चिठ्ठी दुरुस्त होते असं वाटेल. होत नाही. सिझियम 28.5 अंशाला वितळतं, गॅलियम 29.8 ला. आमचा वर्ग पत्र्याखालचा, फेब्रुवारीअखेरीस दुपारी तिथं 30 च्या वरच असतं. म्हणजे आमच्या वर्गात हे दोन्ही धातू द्रवच म्हणायचे. यंदा मी लिहिलंय, "मी धातू आहे आणि शून्य अंशालाही द्रवच असतो." पारा उणे 39 अंशांच्या आसपास गोठतो, बाकीचे त्याच्या कितीतरी आधी. ब्रोमीन उणे 7 पर्यंत द्रव राहतं खरं, पण ते अधातू. आता चिठ्ठीत एकटा पारा उरतो.

तपासायची पद्धत उलटी ठेवा. "हा संकेत पाऱ्याला लागू पडतो का" असं विचारलंत तर उत्तर नेहमी हो येणार, कारण संकेत आपणच लिहिलाय. सारणीवर बोट ठेवून एकेका घरावरून फिरा आणि विचारा, हा आणखी कुणाला लागू पडतो? चिठ्ठीमागे दोन मिनिटं, म्हणजे सगळ्याला तासभर. तो तास द्या. त्यानंतर उत्तर न सांगता चिठ्ठ्या एखाद्या सहकाऱ्याच्या हातात द्या. मी यंदा आमच्या कन्नडच्या बाईंना दिल्या. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध शाळेपुरता, पण दोन चिठ्ठ्या त्यांनीच पकडल्या.

पहिली होती, "लॅटिन नावावरून माझी संज्ञा, मी चाकूनं कापता येतो, पाण्यात टाकलं की धुमसतो." हा Na ही आहे आणि K ही. त्यात "जळताना माझी ज्योत पिवळी" एवढं घातलं की सोडियम सुटतं. पोटॅशियमची ज्योत जांभळट. दुसरी, "पेन्सिलीत मी असतो." बाईंनी लगेच Pb लिहिलं. शिसपेन्सिल म्हणतो ना आपण! आत असतं ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. वर गंमत अशी, की दोघांचाही गण 14, त्यामुळे गणाचा गुण मिळून जातो आणि चूक झाकली जाते. ही चिठ्ठी मी ठेवली, पण तिसऱ्या संकेतात "हिराही माझाच" असं टाकलं.

तीन संकेतांचाही एक घोळ आहे. पहिल्याच संकेताला पूर्ण उत्तर देणाऱ्याला तीन गुण, असं मी ठेवलं होतं. पहिला संकेत अवघड म्हणजे सैलच असतो, त्यात चार-पाच मूलद्रव्यं बसतात, आणि मग पुन्हा तेच भांडण. यंदा पहिल्या संकेताला फक्त गण विचारायचा, संज्ञा शेवटच्या दोन संकेतांवर. पण गणाच्या संकेतालाही बोट फिरवाच. "माझ्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन" म्हणजे गण 2 असं मी धरून चाललो होतो. हेलियमलाही दोनच, आणि तो 18 मध्ये बसलाय. "बाहेर एक इलेक्ट्रॉन" म्हटलं तर तांब्याची मांडणी 2, 8, 18, 1. हुशार पोरगं हे काढतंच. हायड्रोजन मी खेळातून काढूनच टाकलाय, त्याच्या जागेवर वाद घालायला वेळ नाही.

गणांचे क्रमांक 1 ते 18 असेच घ्यायचे, हे आधी फळ्यावर लिहा. आमचा तक्ता जुना, त्यावर रोमन आकडे. क्लोरीनला कुणी 7 लिहितं, कुणी 17.

संज्ञांच्या चुकांची यादी जवळ ठेवा, कारण चुकीची संज्ञा बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाची तरी खरी संज्ञा असते. पोटॅशियमला Po लिहिलं तर तो पोलोनियम, लोखंडाला Ir म्हणजे इरिडियम, चांदीला Si म्हणजे सिलिकॉन, कथलाला Ti म्हणजे टायटॅनियम. नुसतं "चूक" न म्हणता "हे कुणाचं घर?" विचारा, तिथंच निम्मा सराव होतो. दुसरं अक्षर लहानच हवं. Co हा कोबाल्ट, CO हा विषारी वायू.

आमच्याकडे काही मुलांच्या घरी कन्नड. कथील म्हटलं की ती गोंधळतात, त्यांना 'तवर' कळतं. मी लिहिलं, "कल्हईवाला मला भांड्याला लावतो", कारण कन्नडात कलायी म्हणतात आणि सगळी हसत Sn लिहितात. मात्र कल्हईवाला कोण, हे एकदा सांगावं लागतं. चांदीच्या चिठ्ठीवर कंसात 'बेळ्ळी' लिहून चालणार नाही, उत्तरच फुटतं.

वेळ: संकेताला 30 सेकंद. बरोबरी झाली तर दोन चिठ्ठ्या शिल्लक ठेवा, आणि त्यांनाही बोट फिरवलेलं हवं. उत्तरांचा कागद खिशात, टेबलावर नको. गुण फळ्यावर एकाच मुलानं लिहायचे. चिठ्ठ्या पुठ्ठ्यावर चिकटवा. बक्षिसाला कुंदा आणणार असाल तर चिठ्ठ्या गोळा करून झाल्यावरच उघडा. गेल्या वर्षीच्या सगळ्या तुपकट झाल्या.