गवंड्याला घराचे गुत्ते देताना करार कसा लिहावा

मराठवाड्यात घराचे बांधकाम बहुतेक वेळा मजुरीच्या गुत्त्यावर दिले जाते. सिमेंट, सळई, वाळू, खडी, विटा मालकाच्या आणि मजुरी चौरस फुटावर गवंड्याची. दर ओट्यावर बसून तोंडी ठरतो आणि तो सहसा दोघांच्याही लक्षात राहतो. भांडण होते ते मापावरून, पायाच्या खोलीवरून, आणि काम किती झाले व पैसे किती गेले यावरून. म्हणून दोन-तीन पानांच्या करारात जास्त ओळी या गोष्टींना द्याव्यात.

पुढचा सगळा हिशेब एका उदाहरणावर धरू: २५ बाय ३० फुटांचे तळमजल्याचे घर आणि मजुरी ३०० रुपये चौरस फूट. हा दर फक्त हिशेबापुरता आहे. तुमच्या गावचा दर आजूबाजूच्या दोन-तीन चालू कामांवर विचारूनच ठरवा, आणि विचारताना त्या दरात प्लास्टर व फरशी धरली आहे का हेही विचारा. नाहीतर दोन दरांची तुलनाच होत नाही.

आधी माप ठरवा, मग दर

"३०० रुपये फूट" एवढेच लिहिले तर फूट कशाचा, हा प्रश्न उरतो. मालकाच्या डोक्यात स्लॅबचे बाहेरून बाहेर माप असते, म्हणजे २५ गुणिले ३०, एकूण ७५० चौरस फूट. गवंडी मात्र सज्जे आणि जिन्यावरची टोपीही मोजतो. समजा सज्जे एकूण ४० फूट लांब व दीड फूट रुंद आहेत, म्हणजे ६० चौरस फूट, आणि जिन्याची टोपी ८० चौरस फूट. सगळे पूर्ण धरले तर माप ८९० होते. मधल्या १४० फुटांचे ४२,००० रुपये होतात, आणि हा फरक कळतो तो शेवटच्या हिशेबाला.

गवंड्याचे म्हणणेही चूक नसते. सज्ज्याला सेंट्रिंग लागते, सळई बांधावी लागते आणि काँक्रीट वर चढवावे लागते. म्हणून मधला मार्ग काढून तो लिहून ठेवावा. उदाहरणार्थ: "स्लॅबचे माप बाहेरून बाहेर पूर्ण धरावे. सज्जे निम्म्या मापाने धरावेत. जिन्याच्या टोपीचा स्लॅब पूर्ण धरावा. कठडा, ओटा व पाण्याची टाकी वेगळी मोजू नये, ती याच दरात." या हिशेबाने माप ७५० अधिक ३० अधिक ८०, म्हणजे ८६० चौरस फूट होते आणि मजुरी २,५८,००० रुपये. हा आकडा करारात अंकी व अक्षरी लिहा आणि नकाशाची प्रत मागे जोडून तिच्यावरही दोघांच्या सह्या घ्या. हौद, कंपाउंड भिंत, शौचालयाचा शोषखड्डा या दरात आहेत की नाहीत, हेही एका ओळीत लिहा.

नंतर निघणाऱ्या जादा कामासाठी मिस्त्रीची आणि मजुराची एका दिवसाची हजेरी किती, ते आजच लिहून घ्या. खिडकी बंद करून दुसरीकडे काढायची वेळ आली की दर त्या दिवशी ठरवावा लागत नाही.

पाया किती खोल

काळ्या मातीच्या गावात हा मुद्दा सगळ्यांत महाग पडतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया तिच्यातच थांबवला तर भिंतींना तिरक्या चिरा पडतात. म्हणून खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते. तो चार फुटांवर लागेल की आठ फुटांवर, हे खोदल्याशिवाय सांगता येत नाही, आणि एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत फरक निघू शकतो. खोली न लिहिता सरसकट दर ठरवला की गवंड्याचा कल लवकर थांबण्याकडे जातो, कारण पुढचा प्रत्येक फूट त्याच्या खिशातून जातो.

यावर उपाय म्हणजे हद्द लिहिणे: "वरील दरात जमिनीपासून ५ फूट खोलीपर्यंतचा पाया धरला आहे. मुरूम लागेपर्यंत खाली जाणे बंधनकारक आहे. ५ फुटांखालील खोदाई व बांधकामाची मजुरी ब्रासवर वेगळी." आपल्या उदाहरणात ५ बाय ५ फुटांचे नऊ खड्डे २ फूट जास्त खोल गेले तर ४५० घनफूट, म्हणजे साडेचार ब्रास जादा खोदाई होते. खड्डे बुजण्याआधी टेप लावून दोघांनी माप वहीत लिहावे आणि मोबाइलवर फोटो काढावा. जेसीबी लावला तर भाडे कोणाचे, आणि तळ हाताने साफ करायचा कोणी, हेही तिथेच लिहा. मध्येच खडक लागला तर ब्रेकरचा खर्च सहसा मालक देतो.

कॉलम नसलेल्या, भिंतींवर उभ्या राहणाऱ्या घरात सर्व भिंतींवरून जाणारी सलग लिंटेल पट्टी कामात आहे असे स्पष्ट लिहा. नुसता "लिंटेल" शब्द असला तर दार-खिडकीपुरता तुकडा टाकून काम उरकले जाते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या लातूर-धाराशिव भागात तर ही ओळ अजिबात सोडू नका. चारही भिंतींना एकत्र बांधून ठेवते ती हीच पट्टी.

माल कोणाचा आणि जबाबदारी कोणाची

सिमेंट, सळई, वाळू, खडी, विटा मालकाच्या, एवढे सगळ्यांना माहीत असते. अडते ते किरकोळ सामानावर. बांधायची तार, खिळे, कव्हर ब्लॉक आणि पाणी कोणाचे? मिक्सर, डिझेल, व्हायब्रेटर, सेंट्रिंगच्या प्लेटा, बल्ल्या आणि पाड कोणाचा? सर्वसाधारण पद्धत अशी की वापरून संपणारे सामान मालकाचे आणि काम झाल्यावर परत न्यायचे सामान गवंड्याचे. मिक्सरचे डिझेल दरातच धरा. सिमेंट उतरवण्याची हमाली व वाळू चाळण्याची मजुरी यांचाही उल्लेख करा. उन्हाळ्यात टँकर मागवावा लागला तर खर्च मालकाचा, पण पाणी मारणार कोण, ते नावानिशी लिहा. दोघेही एकमेकांवर विसंबले की स्लॅब तसाच उन्हात तापतो.

माल मालकाचा असल्यामुळे नासाडीचे दुखणेही मालकाचेच. म्हणून सिमेंटच्या गोण्यांची वही ठेवा: किती आल्या, कोणत्या कामाला किती गेल्या, किती उरल्या. प्रमाण करारात लिहा, उदाहरणार्थ स्लॅबला १:१.५:३, आतल्या प्लास्टरला १:५. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये ५० किलोच्या एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, हेही लिहा. पातळ माल लवकर पसरतो आणि मजुरांचे श्रम वाचतात, त्यामुळे चौरस फुटावर काम करणाऱ्याचा हात पाण्याकडे जातो. वाळल्यावर असे काँक्रीट कमजोर निघते. ठराविक मापाची बादली मिक्सरजवळ ठेवली की ही अट पाळता येते.

हप्ते टप्प्यावर, खर्ची हप्त्यातून

तारखेवर हप्ता कधीच लिहू नका. डोळ्यांनी दिसणाऱ्या टप्प्यावर लिहा. आपल्या २,५८,००० रुपयांची वाटणी अशी करता येईल:

- जोते पूर्ण, मुरूम भरून व ठोकून: २० टक्के, ५१,६०० रुपये
- भिंती व लिंटेल पट्टी पूर्ण: १५ टक्के, ३८,७०० रुपये
- स्लॅब ओतल्यावर: १५ टक्के, ३८,७०० रुपये
- सेंट्रिंग काढून स्लॅब खालून पाहिल्यावर: १० टक्के, २५,८०० रुपये
- आतले-बाहेरचे प्लास्टर: २० टक्के, ५१,६०० रुपये
- फरशी व चौकटी: १० टक्के, २५,८०० रुपये
- सर्व काम संपल्यावर एक पावसाळी महिना गेल्यानंतर: १० टक्के, २५,८०० रुपये

स्लॅबचा हप्ता मुद्दाम दोन भागांत ठेवला आहे. सेंट्रिंगचे सामान पुढच्या साइटवर हवे असते, त्यामुळे टेकू लवकर काढण्याची घाई होते. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायचे असतात. आपल्याकडे जास्त मिळणारे पीपीसी सिमेंट ताकद सावकाश धरते. म्हणून करारात स्लॅबखाली १४ आणि बीमखाली २१ दिवस लिहावेत. प्लेटा निघाल्या की खालून नीट पाहा. कुठे गिट्टी उघडी पडून पोकळी दिसते का, सळई डोकावते का, बीम आणि कॉलमच्या सांध्यात भोक आहे का? हे दिसले तर ते प्लास्टरने झाकण्याआधी इंजिनिअरला दाखवा आणि दुरुस्ती होईपर्यंत तो १० टक्क्यांचा हप्ता थांबवा.

आता खर्चीचे. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरांना पैसे द्यावेच लागतात, आणि ते टप्पा संपेपर्यंत थांबू शकत नाहीत. खर्ची नाकारली तर काम बंद पडते, आणि हिशेबाशिवाय दिली तर पैसे कामाच्या पुढे धावतात. म्हणून लिहा: "दर आठवड्याला जास्तीत जास्त ८,००० रुपये खर्ची मिळेल व ती चालू टप्प्याच्या हप्त्यातून वजा होईल." जोत्याला चार आठवडे लागले तर खर्ची ३२,००० होते आणि जोते पूर्ण झाल्यावर १९,६०० द्यायचे राहतात. हीच बाकी गवंड्याला टप्पा पूर्ण करायला लावते. पाचव्या-सहाव्या आठवड्यातही जोते संपले नाही तर बाकी झपाट्याने घटते, आणि वहीकडे पाहूनच कळते की काम मागे पडले आहे. सुरुवातीची उचल द्यायची असेल तर १०,००० च्या आसपास ठेवा आणि पहिल्या हप्त्यातून वळती करा. प्रत्येक रकमेसमोर तारीख, टप्पा आणि सही हवीच, मोबाइलवरून पैसे पाठवले तरीही.

काम अडले तर

दसरा-दिवाळीनंतर बीडकडचे मजूर ऊसतोडीला जातात, त्यामुळे त्या काळात संपणारी मुदत घालताना गवंड्याशी माणसांबद्दल आधीच बोलून घ्या. कारण न सांगता सलग १० दिवस काम बंद राहिले तर दोन साक्षीदारांसमोर झालेल्या कामाचे माप घ्यावे, वरच्या टक्केवारीने हिशेब करावा आणि मालकाला दुसरा मिस्त्री लावता यावा, असे कलम ठेवा. उलट बाजूही तितकीच लिहा: मालकाने माल वेळेवर दिला नाही आणि माणसे बसून राहिली तर तिसऱ्या दिवसापासून अर्धी हजेरी द्यावी आणि तेवढे दिवस मुदतीत वाढवावेत. एकतर्फी करारावर अनुभवी गवंडी सही करत नाही, आणि केली तरी तो पाळत नाही.

करार मुद्रांकावर करा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कागदांना १०० ऐवजी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. कामाची रक्कम मोठी असेल तर किती शुल्क बसते, ते मुद्रांक विक्रेत्याला विचारून घ्या. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या आणि शेवटी दोन साक्षीदार असावेत. साक्षीदारांतला एक गवंड्याच्या ओळखीचा असला तर बरे. गवंड्याला वाचता येत नसेल तर कलमे मोठ्याने वाचून दाखवा, तसे कागदावर लिहा आणि अंगठा घ्या. सह्या केलेली एक प्रत त्याच दिवशी त्याच्या हातात द्या.