वेटेज ६०-४० असलं तरी रँक कोण ठरवतंय? शीटमध्ये कसं तपासायचं

निकाल लागला की स्टाफरूममध्ये कोणीतरी हा प्रश्न घेऊन येतंच. इंटर्नल ६० मार्कांचं, फायनल फक्त ४० चं, मग इंटर्नलला पहिला आलेला एकूण यादीत चौथा कसा काय, बेरीज चुकली का? बेरीज बरोबर असते. ६० हा आकडा फक्त जास्तीत जास्त किती मिळू शकतात ते सांगतो, पोरांमध्ये फरक किती पडला ते नाही, आणि रँक फरकावरच लागते.

पाच जणांचं बनवलेलं उदाहरण घेऊ, म्हणजे हातानेही तपासता येईल.

| रोल नं. | इंटर्नल | फायनल | एकूण |
|---|---|---|---|
| १ | ५६ | २१ | ७७ |
| २ | ५४ | ३३ | ८७ |
| ३ | ५५ | २४ | ७९ |
| ४ | ५३ | २७ | ८० |
| ५ | ५२ | १५ | ६७ |

आधी सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त मार्क बघा. इंटर्नलमध्ये सगळ्यात कमी ५२, म्हणजे पहिले ५२ मार्क सगळ्यांना सारखेच मिळालेत, जर्नल दिलं, हजेरी भरली, झालं. सगळ्यांना सारखे मिळालेले मार्क रँकसाठी नसल्यासारखेच, त्यामुळे ६० पैकी खरी मारामारी फक्त ४ मार्कांची. फायनलमध्ये १५ ते ३३, म्हणजे १८ मार्कांची. आता एकूणचा क्रम लावा: २, ४, ३, १, ५. फायनलचा क्रम लावा, तोच. रोल नंबर १ इंटर्नलला पहिला होता पण त्याची आघाडी इंटर्नलला दुसऱ्या आलेल्यापेक्षा एका मार्काची, ती फायनलमध्ये पहिल्या प्रश्नातच संपते.

मग शीटमध्ये हिस्सा काढा. B मध्ये इंटर्नल, C मध्ये फायनल, D मध्ये एकूण ठेवा आणि हे टाका:

```
=STDEV.P(B2:B6)
=STDEV.P(C2:C6)
=COVARIANCE.P(C2:C6,D2:D6)/VAR.P(D2:D6)
```

पहिल्या दोन ओळी स्टँडर्ड डेव्हिएशन देतात, म्हणजे मार्क सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत ते. इथे इंटर्नलचं १.४१ आणि फायनलचं ६. तिसरी ओळ खरी कामाची, एकूण मार्कांमध्ये जो फरक दिसतोय त्यातला किती भाग फायनलमुळे आला ते ती सांगते, आणि इथे उत्तर येतं ०.९१. कागदावर ४० टक्के, प्रत्यक्षात ९१! इंटर्नलच्या वाट्याला उरले ९. (दोन्ही परीक्षांचा कल उलटा असेल, म्हणजे एकीत वरचे ते दुसरीत खाली, तर एखादा हिस्सा मायनसमध्येही येतो, फॉर्म्युला चुकला म्हणून घाबरू नका.)

हेच उलटंही होतं. फायनलचा पेपर इतका सोपा निघाला की सगळे ३५ ते ३७ मध्ये, आणि इंटर्नल ३० ते ५५ पसरलेलं, तर फायनल जवळजवळ शोभेची राहते.

६०-४० चं वेटेज मार्कांच्या पसरण्यालाच लावायचं असेल तर टक्केवारी काढून उपयोग नाही, ५६ चे ९३ टक्के केले तरी सगळे तिथेच गर्दी करून उभे राहतात. दोन्ही परीक्षा सारख्या पसरवाव्या लागतात, म्हणजे प्रत्येकाच्या मार्कांतून सरासरी वजा करायची, स्टँडर्ड डेव्हिएशनने भागायचं आणि मगच ०.६ आणि ०.४ ने गुणून बेरीज करायची:

```
=0.6*(B2-AVERAGE(B$2:B$6))/STDEV.P(B$2:B$6)+0.4*(C2-AVERAGE(C$2:C$6))/STDEV.P(C$2:C$6)
```

हे खाली ओढलं की रोल नंबर १ ला ०.६५ आणि २ ला ०.६० येतात, म्हणजे टॉपर बदलला.

पण थांबा, इथेच लोक फसतात. या हिशोबात इंटर्नलचा एक मार्क फायनलच्या सहापेक्षा जास्त मार्कांच्या बरोबरीचा झालाय. तो एक मार्क कसला होता? व्हायवाला जरा नीट बोलला, की सबमिशन एक दिवस आधी केलं? ५५ आणि ५६ मधला फरक देणाऱ्या सरांनाही सांगता येत नसेल तर तुम्ही फक्त योगायोग फुगवला. माझं मत, अशा वेळी फॉर्म्युला सोडा आणि पुढच्या सेमिस्टरला इंटर्नलच असं घ्या की कच्च्या जर्नलला ३० आणि चांगल्याला ५५ पडतील. आणि अर्थात, निकालाचा नियम सरळ बेरीज म्हणत असेल तर अधिकृत यादी सरळ बेरजेचीच, हे सगळं फक्त समजून घ्यायला.

अजून एक, फॉर्म्युला लावण्याआधी गैरहजर पोरं बाजूला काढा. फायनलला न बसलेल्याचा एक शून्य राहिला तरी फायनलचं स्टँडर्ड डेव्हिएशन एवढं वाढतं की वर्गात कोणाला काय येतं याच्याऐवजी त्या दिवशी कोण आलं नाही हेच तुम्ही मोजत बसता.