पुठ्ठा अडवू नका, तांबं अडवा

भंगारचा भाव पडला की माल दाबून ठेवावासा वाटतो. आधी जागेचं भाडं मोजा. समजा, गाळ्याचं भाडं महिना ६,००० रुपये आहे आणि टनभर पुठ्ठ्याने निम्मा गाळा अडवलाय. महिन्याने किलोमागे २ रुपये वाढले तरी हाती २,०००च येतात, भाडं मात्र ३,००० गेलं. वर ओल लागली की गिरणी वजन कापते. म्हणून पुठ्ठा आठवड्याला काढा. थांबायचंच तर तांबं-पितळ ठेवा. ते पोत्यात मावतं. तांब्याला चुंबक लावून बघा, चिकटलं तर आत लोखंड आहे. वायर जाळू नका, सोला. जळक्या तांब्याला भाव कमी मिळतो आणि उघड्यावर जाळणं बेकायदाही आहे. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत रिसायकलरलाच द्या, पावती जपा.