गरम टायर आणि बत्तीसचा आकडा

पांढरकवड्याहून कोइंबतूरच्या कारी स्पीडवेला गाडी चालवत जायचं म्हणजे एका बाजूचेच हजारावर किलोमीटर. टायर तेच, ट्रॅकवरही आणि परतीच्या रस्त्यावरही. म्हणून हवेचा हिशेब आधी समजून घ्या.

दारावरच्या पट्टीवर ३२ पीएसआय लिहिलं असेल, तर तो गार टायरचा आकडा असतो. गार म्हणजे रात्रभर सावलीत उभी असलेली गाडी. ट्रॅकवर मात्र गरम आकडा बघायचा, तोही पिटमध्ये आल्याबरोबर, कारण पाच मिनिटांत तो खाली येतो.

माझ्या हॅचबॅकचं उदाहरण घ्या. सकाळी २४ अंशांना ३२ भरली. सेशन संपल्यावर पुढच्या टायरवर ३८ दिसले, म्हणजे आतली हवा साठेक अंशांवर गेली होती. साध्या रोड टायरवर मी गरम ३६ धरतो, म्हणून दोन काढले. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारून ठेवा. ती काठाच्या खुणेपलीकडे घासली गेली, तर हवा कमी पडतेय.

आता खरा सापळा. तुम्ही ट्रॅकवरून थेट हवावाल्याकडे जाता. तो गेज लावतो आणि आपुलकीनं म्हणतो, "भाऊ, हवा जास्त झाली जी, बत्तीसवर आणून देऊ?" अजिबात आणू देऊ नका! ३८ वरून ३२ केलेला तो टायर पहाटे गार झाला की २७ च्या आसपास उतरतो. त्यात सामान भरलेली गाडी आणि दुपारचा तापलेला हायवे. कमी हवेचा टायर बाजूंनी सतत वाकतो, त्यातूनच तापतो आणि फुटतो. ट्रॅकवर मुद्दाम काढलेले दोन पीएसआयसुद्धा निघायच्या आधी परत भरायचेच. मुक्काम करा, सकाळी गार टायरला ३२ भरा. निघणं भागच असेल तर कोमट टायरमध्ये तीन-चार जास्त ठेवा आणि दुसऱ्या सकाळी नीट करा. एवढं पाळलं तर घाबरायचं कारण नाही.

उलटंही होतं. आपल्याकडे मे महिन्यात ४४ अंशांना ३२ भरलेले टायर २४ अंशांच्या सकाळी २९ दाखवतात. टायर गळत नसतो. स्वतःचं गेज ठेवा आणि तेच एक वापरा. नायट्रोजन भरला की बघावं लागत नाही, असं सांगणाऱ्या गुरूंपासून लांब राहा. तोही तापला की फुगतोच.

टायर तापून गार होण्याच्या प्रत्येक फेरीत रबर थोडं कडक होतं. नवा टायर पहिल्या सेशनला हळूहळू तापवा, शेवटचा लॅप सावकाश काढा. नक्षी शिल्लक असूनही वळणावर पूर्वीपेक्षा लवकर घसरायला लागला, तर तो टायर ट्रॅकसाठी संपला.